तलम, सरळ केस: ब्लंट बॉब की लांब लेयर्स?

केस सरळ आणि अगदी तलम आहेत, डोक्याला चापून बसतात. पार्लरमध्ये म्हणतात लेयर्स केले की फुगतील, मैत्रीण म्हणते सरळ बॉब कर. कोणाचं ऐकू?

आधी एक पांढरा टॉवेल घ्या. केस कोरडे असताना पुढे घेऊन खांद्यावरच्या टॉवेलवर पसरा आणि शेवटची चार बोटं नीट बघा. तिथून टॉवेलचा पांढरा रंग आरपार दिसत असेल तर मैत्रिणीचं ऐका. शेंड्यांपर्यंत काळा पट्टा भरीव दिसत असेल तर लेयर्सचा विचार करायला हरकत नाही.

तलम केस आणि विरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेक केस बारीक असला तरी संख्या भरपूर असू शकते, आणि लेयर्स झेपतात की नाही हे त्या संख्येवर ठरतं. लेयर्स करताना वरचे केस आखूड होतात, म्हणजे खालच्या रेषेपर्यंत पोचणारे केस कमी होतात. दाट केसांत ते कळत नाही. विरळ केसांत मात्र वर जरा उठाव येतो आणि खाली झिरझिरीत शेंडे उरतात. ब्लंट बॉबमध्ये सगळे केस एकाच रेषेवर संपतात, त्यामुळे तेवढेच केस जाड दिसतात. शिवाय लांबीचं वजन गेल्यामुळे मुळांवरचा ताणही कमी होतो.

बॉबची लांबी जपून ठरवा. बरोबर खांद्याला टेकणारा बॉब खांद्यावर आपटून बाहेर वळतो. हनुवटी ते मानेचा मध्य ही जागा तलम केसांना सर्वांत बरी. मानेवर भोवरा असेल तर तिथले केस उलटे उभे राहतात, म्हणून कापण्याआधीच तो दाखवा आणि मागची रेषा थोडी खाली ठेवायला सांगा. केस सरळ असल्यामुळे कात्रीची चूक लपत नाही. ओले केस कापून झाले की वाळवून रेषा पुन्हा तपासायलाच हवी.

गेल्या महिन्यात लेयर्स केले. आता पोनी बांधली की उंदराची शेपटी दिसते. बॉब करण्यावाचून इलाज नाही का?

आहे, पण धीर लागेल. माझ्याकडे अशाच तक्रारीची एक मुलगी आली होती. तिची सर्वांत आखूड लेयर आणि सर्वांत लांब केस यांत 12 सेंटीमीटरचं अंतर होतं, आणि आतून थिनिंगची कात्रीही फिरवलेली होती. हात लावला की आखूड केसांची टोकं बोटांना टोचायची. खांद्यावर बॉब करायला ती तयार नव्हती.

पहिल्या दिवशी खालून 5 सेंटीमीटर सरळ कापले, अंतर 7 उरलं. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणून दर दोन महिन्यांनी खालून तेवढीच वाढ, म्हणजे दोन-अडीच सेंटीमीटर, कापत गेलो आणि वरच्या लेयर्सना हात लावला नाही. खालची रेषा जागेवर राहिली, वरचे केस तिच्याजवळ येत गेले. साधारण सहा-सात महिन्यांत शेंडे भरले. मधल्या काळात कोणी "जरा शेप देते" म्हणालं तर नको म्हणा. तिथेच सगळं पुन्हा मागे जातं.

टॉवेलवर शेंडे भरीव दिसतात. लग्नकार्यात अंबाडा घालायचा असतो, लांबी सोडायची नाही. लेयर्स कसे सांगू?

सर्वांत आखूड लेयर गळ्याच्या हाडाखालीच ठेवा, आणि तीही फक्त चेहऱ्याच्या बाजूंना. मागचे केस जवळपास एका रेषेत राहू देत. माथ्यावर आखूड लेयर्स करू नका, सरळ तलम केसांत त्यांच्या पायऱ्या दिसतात आणि अंबाड्यातून त्या बाहेर निसटतात. रेझर आणि थिनिंगची कात्री दोन्ही नकोत, साध्या कात्रीने टोकं हलकी करून घ्या. एकूण लांबी पाठीच्या मध्यापर्यंत पुरे. त्याखाली गेलात तर वजनाने मुळं पुन्हा चापट होतील.

बॉब केला तर रोज ड्रायर लागेल का? सकाळी वेळ नसतो.

रोज नाही, धुतलेल्या दिवशी. केस बरेचसे वाळले की मान खाली घालून फक्त मुळांना हवा द्या, भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडा आणि मुळं थंड होईपर्यंत हात लावू नका. गरम असताना सारखे केले की ते लगेच बसतात. धुतल्यानंतर खोबरेल लावायची सवय असेल तर ते आदल्या रात्री लावा. सरळ केसांवर तेल भरभर खाली उतरतं आणि दुपारपर्यंत बॉब गालाला चिकटतो.