दंडावर १४६, छातीत किती?

वय २२, उंची सहा फूट. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतो. मेडिकलच्या आधी सहज तपासलं तर बीपी १४६/७४ निघाला, नंतरही तसाच. गोळी सुरू करू का? – एक उमेदवार, आर्वी तालुका

एवढ्यावरून नको. हृदय आकसलं की महाधमनीत दाबाची लाट उठते आणि ती हातापायांकडे धावते. हाताच्या रक्तवाहिन्या निमुळत्या आणि महाधमनीपेक्षा ताठ असतात, त्यामुळे दंडापर्यंत येताना लाटेचा माथा उंचावतो. म्हणून दंडावरचा वरचा आकडा महाधमनीतल्या आकड्यापेक्षा सहसा जास्त असतो. खालचा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. हा फरक तुमच्यासारख्या उंच, तरुण, पळणाऱ्या मुलांत सगळ्यात मोठा सापडतो. कधी वीसच्याही वर जातो. तुमच्या दंडावर १४६ असताना महाधमनीत १२२ असू शकतात. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाला जो दाब सोसावा लागतो तो हा आतला.

पण म्हणून बिनधास्तही राहू नका. अशा मुलांना पुढे त्रास होतो की नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आधी पट्टा तुमच्या दंडाला पुरतो का ते बघा. व्यायामाने भरलेल्या दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतोच. पळून आल्यावर लगेच मोजू नका. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बसून मोजा आणि वहीत लिहा. एकदा डॉक्टरांकडून जांघेतली नाडी तपासून घ्या आणि पायाचा बीपीही घ्यायला सांगा. पायाचा बीपी हातापेक्षा कमी भरला तर महाधमनी जन्मतः कुठे अरुंद आहे का ते शोधावं लागतं. तरुण वयातल्या बीपीत हे कारण सुटून जातं.

माझं वय ६९. बीपी १४६/६४. ओळखीची नर्स म्हणते, खालचा छान कमी आहे, काळजी नको. खरं का? – एक आजी, उमरखेड

नाही, मावशी. वरचा आकडा त्या भरतीच्या पोराएवढाच आहे, पण आतली गोष्ट उलटी आहे.

कपाशीवर फवारतो त्या पाठीवरच्या पंपाचा दांडा वर-खाली होत असतो, तरी फवारा सलग येतो, कारण आतलं हवेचं भांडं दाब साठवून ठेवतं. तरुणपणी महाधमनी हेच काम करते: ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे ढकलते. वयाबरोबर, आणि बीपी-शुगर असेल तर लवकर, तिच्या भिंतीतले लवचिक तंतू झिजतात, त्यांच्या जागी राठ तंतू आणि चुना येतो. मग ठोक्याला ती फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि मागे रेटायला काही उरत नाही म्हणून खालचा उतरतो. म्हणजे तुमचा ६४ हा ताठपणाचाच पुरावा आहे. दोन आकड्यांतलं अंतर ८२ आहे. उतारवयात ते ६० च्या वर गेलं की आम्ही सावध होतो.

आणखी एक. दाबाची लाट शरीराच्या खालच्या भागात आदळून परत फिरते. नरम धमनीत ती सावकाश परतते, तोवर हृदयाचा ठोका संपलेला असतो. ताठ धमनीत लाट वेगाने जाते-येते आणि हृदय रक्त ढकलत असतानाच समोरून येऊन भिडते. त्यामुळे तुमच्या वयात दंड आणि महाधमनी यांतला फरक फार उरत नाही. आत १३८-१४० असणं सहज शक्य आहे. त्या पोराच्या हृदयापेक्षा तुमच्या हृदयावर ओझं जास्त, दंडावर मात्र दोघांचे १४६.

औषध लागेलच असं दिसतं, पण हळूहळू वाढवत. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी खालच्या दाबावर भरतात, म्हणून तो फार पाडायचा नसतो. दर भेटीत उभं करूनही बीपी मोजायला सांगा.

नागपुरात वडिलांची धमनीच्या ताठपणाची तपासणी केली. वय ६४, खर्रा खातात. रिपोर्टमध्ये नाडी-लहरीचा वेग १४.२ मीटर प्रति सेकंद, ‘अतिताठ’ असं लिहिलं आहे. सगळे घाबरलो आहोत. – एक मुलगा, वणी

रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, गोम त्यातच आहे.

ही तपासणी सोपी असते. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर सेन्सर ठेवून लाट दोन्हीकडे किती अंतराने पोचली ते मोजतात, आणि अंतराला त्या वेळेने भागतात. धमनी जितकी ताठ, तितकी लाट वेगवान. १० मीटरच्या वर वेग म्हणजे धोका, असं २०१२ पासून तज्ज्ञ धरतात.

मात्र ही १० ची रेघ धरताना टेपने मोजलेलं सगळं अंतर घ्यायचं नसतं. लाट मानेकडे आणि जांघेकडे एकाच वेळी निघते, त्यामुळे मान ते जांघ या सरळ अंतराचे ८० टक्केच धरायचे. तुमच्या रिपोर्टमध्ये अंतर ६४ सेंटिमीटर आणि वेळ ४५ मिलिसेकंद, म्हणजे ०.०४५ सेकंद आहे. ०.६४ भागिले ०.०४५, म्हणजे १४.२. पूर्ण अंतर वापरलं आहे! ८० टक्के म्हणजे ५१.२ सेंटिमीटर घेतले की उत्तर ११.४ येतं. टेप सुटलेल्या पोटावरून वळसा घालून धरला असेल तर खरा वेग याहूनही कमी निघेल.

त्याच कागदावर त्या वेळचा बीपी १६८/७२ आहे. दाब चढलेला असला की धमनी ताणली जाते आणि वेग तात्पुरता वाढतो. तपासणीआधी तीन तास चहा, तंबाखू, जेवण नको आणि निदान दहा मिनिटं शांत पडून राहायचं, हा नियम आहे. वडिलांनी दारात उभं राहून खर्रा थुंकला आणि आत जाऊन टेबलावर झोपले, असं तुम्हीच लिहिलंय. साठीनंतर वेग दहाच्या आसपास असणं नेहमीचं आहे. ११.४ हा आकडा चांगला नाही, पण घाबरून जाण्याजोगाही नाही. खरी अडचण १६८ ची आहे. तो आणा ताब्यात, खर्रा सोडवा, आणि वेग पुन्हा मोजायचाच असेल तर त्याच यंत्रावर.

जाता जाता: काही ठिकाणी दंड आणि घोट्याला पट्टे बांधून वेग काढतात. त्यात आकडे मुळातच मोठे येतात, रेघ १८ च्या आसपास असते. तिथला १४ आणि इथला १४ एक नव्हे.

अटेनोलॉल बरीच वर्षं घेतोय, बीपी १३०/८० असतो. ‘ही गोळी आतला बीपी कमी करत नाही’ असं ऐकलं. बंद करू? – एक निवृत्त शिक्षक, पुसद

अचानक बंद मुळीच करू नका, छातीत दुखणं उफाळू शकतं. तुम्ही ऐकलंत त्याला आधार आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काफे’ अभ्यासात एका गटाला अटेनोलॉलवर आधारित आणि दुसऱ्याला अम्लोडिपिनवर आधारित उपचार होते. दंडावरचा बीपी दोघांचा जवळपास सारखा, पण महाधमनीतला वरचा दाब अटेनोलॉलच्या गटात सरासरी ४ ने जास्त. ठोके मंदावले की प्रत्येक ठोका लांबतो आणि परतणारी लाट त्यातच येऊन मिसळते, हे त्याचं एक मोठं कारण. तुम्हाला ही गोळी हृदयविकारासाठी दिली आहे की नुसत्या बीपीसाठी, ते आधी डॉक्टरांना विचारा. नुसत्या बीपीसाठी असेल तर बदलाचा विषय जरूर काढा.

आमच्या उपकेंद्रात असं यंत्र हवं का? – एक आरोग्य सेविका, धारणी

नको. आतला दाब सांगणारी बरीच यंत्रं दंडावर मोजलेला बीपीच आधाराला घेतात, त्यामुळे पट्टा चुकला की तोही चुकतो. शिवाय नाडी अनियमित असेल तर त्यांचं गणित कोलमडतं. तुमच्याकडे मोठ्या दंडासाठीचा वेगळा पट्टा आहे का? नसेल तर आधी तो मागवा, आणि रजिस्टरमध्ये दोन आकड्यांच्या वजाबाकीचा एक रकाना वाढवा.