अठ्ठेचाळीस पानांचा फ्रँचायझी करार एका कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचं ठरवतोय. कंपनीने ४८ पानांचा इंग्रजी करार पाठवलाय. दोनदा वाचला, पण हाती काही लागलं नाही. सुरुवात कुठून करू? – कोल्हापूर

पहिल्या पानापासून ओळीने वाचू नका. आधी शेवटची परिशिष्टं उघडा. रकमा, दुकानाचा पत्ता, मुदत असे खरे आकडे बहुधा तिथेच असतात. मग सुरुवातीच्या व्याख्या वाचा आणि त्यानंतर मधला भाग.

आता एक कोरा कागद घ्या आणि त्याचे चार भाग पाडा : पैसे, हद्द, प्रशिक्षण आणि मदत, बाहेर पडणं. प्रत्येक ओळीत करार काय म्हणतो ते तुमच्या स्वतःच्या मराठीत लिहा. पुढे कलमाचा क्रमांक टाका आणि त्याचे रुपये किंवा दिवस किती होतात तेही मांडा. ज्या गोष्टीबद्दल करारात काहीच नाही, तिच्यासमोर ‘करार गप्प’ असं लिहा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त भांडणं या ‘गप्प’ ओळींवरूनच होतात.

एकाच विषयाचे तुकडे करारात पाच ठिकाणी विखुरलेले असतात. म्हणून पीडीएफमध्ये fee, cost, expense, reimburse, penalty हे शब्द एकेक करून शोधा. ‘शुल्क’ या कलमात जे नाही ते ‘पुरवठा’, ‘तपासणी’ किंवा ‘नूतनीकरण’ या कलमांत सापडतं. sole discretion हे दोन शब्दही शोधा. ते दिसतील तिथे निर्णय सर्वस्वी कंपनीच्या हातात आहे, असं सारांशात स्पष्ट लिहा.

अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांचा खुलासा लेखी द्यावा लागतो. त्यात बाहेर पडण्याच्या अटींचा स्वतंत्र तक्ता असतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. त्यामुळे तो तक्ता इथे तुम्हालाच बनवावा लागतो.

प्रश्न : कंपनीचा माणूस म्हणतो, ‘रॉयल्टी फक्त ६ टक्के, बाकी सगळं तुमचं.’ हे खरं धरून हिशेब केला तर चालेल का? – नाशिक

तुम्ही सोबत पाठवलेल्या मसुद्यावरूनच हिशेब करू. सुरुवातीचं शुल्क ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३ लाख ५४ हजार. डिपॉझिट १ लाख. रॉयल्टी ‘एकूण विक्री’च्या ६ टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के. हा निधी शुल्काच्या कलमात नाही, ‘ब्रँड प्रसिद्धी’ या कलमात आहे.

‘एकूण विक्री’ची व्याख्या पाहा. डिलिव्हरी अ‍ॅपवरची ऑर्डर तिच्यात पूर्ण किमतीने धरली आहे, अ‍ॅपचं कमिशन वजा केलेलं नाही. समजा महिन्याची विक्री ४ लाख झाली. त्यातली १ लाख २० हजारांची अ‍ॅपवरून झाली आणि अ‍ॅपने २५ टक्के, म्हणजे ३० हजार, कापले. तुमच्या हाती आले ३ लाख ७० हजार. पण कंपनी ८ टक्के ४ लाखांवर लावणार, म्हणजे ३२ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६० रुपये. एकूण ३७,७६० रुपये, म्हणजे हाती आलेल्या पैशाच्या १० टक्क्यांहून थोडे जास्त.

जीएसटीचे ते ५,७६० परत मिळतील असं धरू नका. ग्राहकाकडून ५ टक्के दराने जीएसटी घेणाऱ्या उपाहारगृहाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. तो तुमचा खर्चच आहे. ग्राहकाकडून गोळा केलेला जीएसटी ‘एकूण विक्री’तून वगळला आहे का, हेही व्याख्येत तपासा. तुमच्या मसुद्यात वगळलाय, ते ठीक आहे.

यापुढचा आकडा करारात शुल्क म्हणून कुठेच येत नाही. चहा पावडर, प्रीमिक्स, कप हे सगळं कंपनीकडूनच घ्यायचं आहे आणि दर कंपनी ‘वेळोवेळी’ ठरवणार आहे. तुमच्या अंदाजाप्रमाणे हा माल महिन्याला ९० हजारांचा. त्याच प्रतीचा माल नाशिकच्या घाऊक बाजारात ७५ हजारांना मिळत असेल, तर १५ हजार रुपये ही मालाच्या दरात मिसळलेली रॉयल्टीच झाली. ती धरली की महिन्याला ५२,७६० रुपये, हातातल्या पैशाच्या १४ टक्क्यांवर. दोन्ही दर प्रत्यक्ष विचारून घ्या आणि मगच हा आकडा पक्का करा.

आणखी एक ओळ तुमच्या नजरेतून सुटली आहे : ‘६ टक्के किंवा १५ हजार, यापैकी जी रक्कम जास्त असेल ती.’ पावसाळ्यातल्या एखाद्या मंद महिन्यात विक्री १ लाख ६० हजारांवर आली, तर ६ टक्क्यांनी ९,६०० होतात, पण भरायचे १५ हजारच. सारांशात चांगला महिना आणि वाईट महिना असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिल्या सहा महिन्यांसाठी ही किमान रक्कम माफ करा, अशी मागणी नवा फ्रँचायझी करू शकतो. ती मी मान्य होताना पाहिली आहे.

प्रश्न : करारात ‘३ किलोमीटरची एक्स्क्लुझिव्ह हद्द’ लिहिली आहे. म्हणजे त्या भागात दुसरं कुणी येणार नाही ना? – पुणे

तुमच्या कलमात कंपनीने एवढंच कबूल केलंय की त्या ३ किलोमीटरमध्ये ती दुसऱ्याला ‘स्टोअर’ देणार नाही. ‘स्टोअर’ म्हणजे काय? व्याख्येत ‘बसण्याची सोय असलेलं दुकान’ असं आहे. मग मॉलमधला किऑस्क, पेट्रोल पंपावरचा गाडा, नुसत्या डिलिव्हरीचं स्वयंपाकघर, कंपनीचं स्वतःचं दुकान हे सगळं हद्दीत येऊ शकतं. दुकान उघडण्याची बंदी आणि ग्राहकाला माल पोचवण्याची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच किलोमीटरवरच्या दुकानातून तुमच्याच गल्लीत अ‍ॅपने चहा पोचला, तर या कलमाचा भंग होत नाही.

मोजणीही स्पष्ट नाही. हवाई अंतर की रस्त्याने? पुण्यात मध्ये नदी किंवा रेल्वे आली की दोन्हींत मोठा फरक पडतो. कंपनीकडून नकाशावर हद्द आखून घ्या, त्यावर दोघांच्या सह्या करा आणि तो परिशिष्ट म्हणून जोडा.

सारांशात हद्दीखाली तुमच्यासाठी आणखी एकच ओळ हवी : ही हद्द कशाने जाते? तुमच्याकडे सलग तीन महिने विक्रीचं लक्ष्य चुकलं की हद्द आपोआप रद्द होते. लक्ष्य मात्र ‘कंपनी दरवर्षी कळवेल’. सहीच्या दिवशी पहिल्या दोन वर्षांचा आकडा लिहून मागा. तो मिळत नसेल तर हद्दीपुढे ‘खात्रीची नाही’ असं लिहा आणि त्या हद्दीसाठी जास्त पैसे मोजू नका.

प्रश्न : ‘संपूर्ण ट्रेनिंग आणि कायमचा सपोर्ट’ मिळणार असं माहितीपत्रकात आहे. करारात ते कसं तपासायचं? – लातूर

इंग्रजी मसुद्यात क्रियापद पाहा. shall असेल तर कंपनी बांधील आहे. may असेल तर तिची मर्जी. तुमच्या मसुद्यात पहिलं पाच दिवसांचं प्रशिक्षण shall मध्ये आहे, तेही दोनच माणसांसाठी आणि कंपनीच्या शहरात. प्रवास आणि राहणं तुमच्या खर्चाने. नंतरची सगळी मदत may मध्ये आहे.

चहा करणारा मुलगा चार महिन्यांत सोडून गेला तर नव्या मुलाला कोण शिकवणार आणि किती पैशांत, यावर करार गप्प आहे. तेवढं लिहून मागा. दुकान सुरू होताना कंपनीचा माणूस किती दिवस थांबणार, तेही.

माहितीपत्रकातलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं आश्वासन सहसा टिकत नाही. करारात ‘हाच संपूर्ण करार, आधीची बोलणी रद्द’ असं कलम असतं. तुमच्याकडे ते शेवटून दुसऱ्या पानावर आहे. जे हवं ते परिशिष्टात आणा.

प्रश्न : धंदा नाही चालला तर काय? करार पाच वर्षांचा आहे, लॉक-इन तीन वर्षांचं. दीड-दोन वर्षांत सोडावं लागलं तर किती बुडेल? – ठाणे

विसाव्या महिन्याच्या अखेरीस सोडलं असं धरू. लॉक-इनचे १६ महिने उरतात. तुमच्या कलमाप्रमाणे तेवढ्या महिन्यांची किमान रॉयल्टी, १५ हजारांनी २ लाख ४० हजार, भरायची आणि १ लाखाचं डिपॉझिट जप्त. सुरुवातीचं शुल्क कधीच परत नाही. उरलेला माल परत घेण्याबद्दल करार गप्प. १५ दिवसांत पाटी, रंग, ब्रँडचं फर्निचर काढायचं, तेही स्वखर्चाने. शिवाय जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार पाहा. त्यातलं लॉक-इनही तीन वर्षांचं असेल, तर १६ महिन्यांचं भाडंही अंगावर येतं. हे भाडं रॉयल्टीपेक्षा मोठं असतं, तरी ते सारांशात लिहिलेलं मी क्वचितच पाहिलंय. जागामालकाशी वर्षभराच्या लॉक-इनवर बोलून पाहा.

करारात लिहिलेली रक्कम कंपनीला जशीच्या तशी मिळेलच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे नमूद रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं. पण ते पटवून द्यायला लवादापुढे उभं राहावं लागतं. तुमच्या करारात लवादाचं ठिकाण दिल्ली आहे. ठाण्याहून वकिलासह चार-पाच फेऱ्या मारण्याचा खर्च मनात धरा आणि ठिकाण मुंबई करून मागा.

‘सोडल्यावर तीन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही’ हे कलम वाचून तुम्ही घाबरलात. करार चालू असताना अशी बंदी चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग प्रकरणात तसं म्हटलं आहे. करार संपल्यानंतरची बंदी मात्र कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. ब्रँडचं नाव, पाटीची ठेवण, गुप्त पाककृती वापरायची नाही, ही बंधनं मात्र राहतात.

सारांशात या भागाखाली दोन उलट्या ओळी लिहा. कंपनी तुम्हाला कधी काढू शकते आणि चूक सुधारायला किती दिवस देते? तुमच्याकडे रॉयल्टी थकली तर सात दिवस आहेत, ते कमी आहेत, ३० मागा. दुसरी ओळ : तुम्ही कंपनीला कधी सोडू शकता? तुमच्या करारात असं कलमच नाही. कंपनीने माल पुरवला नाही किंवा हद्द मोडली, तर लॉक-इनमध्येही दंडाशिवाय बाहेर पडता येईल, हे कलम घालून घ्या. दुकान दुसऱ्याला विकायची सोय असेल तर हस्तांतर शुल्क आणि कंपनीला उत्तर द्यायची मुदत, दोन्ही लिहा.

प्रश्न : करार दाखवण्याआधी कंपनी ५० हजार टोकन मागते. देऊ का? – सोलापूर

मसुदा हाती आल्याशिवाय नको. टोकनच्या पावतीवर किंवा इरादापत्रावर ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं आणि मसुद्यातली अट पटली नाही तर पैसे अडकतात. द्यायचंच असेल तर ‘मसुदा मिळाल्यापासून १५ दिवसांत सही झाली नाही तर पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य कंपनीच्या ईमेलवर घ्या.

त्या पंधरा दिवसांत ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ब्रँडचं नाव शोधा. उपाहारगृहाच्या सेवेसाठी वर्ग ४३. नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि करारावर सही कोण करतंय, ही दोन नावं वेगळी निघाली तर नोंदणीधारकाने दिलेला परवाना बघायला मागा. स्थितीपुढे Objected किंवा Opposed दिसलं, तर उद्या पाटीवरचं नाव बदलावं लागलं तर खर्च कुणाचा, ते कलमात लिहून घ्या.