भाडेकरूंचा निरोप आणि डिपॉझिटचा हिशेब

प्रश्न: "९ वर्षं राहिलेलं कुटुंब घर सोडून चाललंय. माणसं घरच्यासारखी झालीत. पण कपाटाचं एक दार तुटलंय, भिंती खराब झाल्यात. निरोपाच्या पत्रात डिपॉझिटमधून पैसे कापण्याचं कसं लिहू?"

पत्र लिहायच्या आधी त्यांच्यासोबत घरातून एक फेरी मारा, तीही सामान हलल्यावर. पलंगामागची ओल आणि फ्रिजखालची फरशी तेव्हाच दिसते. दोघांनी मिळून पाहिलेली गोष्ट पत्रात आली की टोचत नाही. न सांगता आली की आरोप वाटतो.

भिंतींचे पैसे कापू नका. ९ वर्षांत रंग तुम्ही स्वतः राहिला असतात तरी काढावाच लागला असता. खिळ्यांची भोकं, नळाचा झिजलेला वायसर, चौकटीवर पेन्सिलीने मांडलेली मुलांची उंची, ही सगळी वापराची झीज. ती भाड्यातच वसूल झालेली असते.

कपाटाचं दार वेगळं. ते झिजलं नाही, तुटलं. पण म्हणून नव्या दाराची पूर्ण किंमत लावणंही बरोबर नाही. कपाट साधारण १५ वर्षं टिकतं असं धरा. ते १० वर्षांचं झालं असेल, तर तुमचं नुकसान उरलेल्या ५ वर्षांचं, म्हणजे सुतार सांगेल त्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याचं. सुताराचा अंदाज लेखी घ्या आणि पत्राला जोडा. (फोनवरचा आकडा नंतर कुणालाच नीट आठवत नाही.)

आता पत्र. मायेचं आणि पैशाचं एकाच वाक्यात आणू नका. "तुम्ही फार चांगले राहिलात, पण..." यातला 'पण' आधीचं सगळं कौतुक पुसून टाकतो. मी असं लिहीन:

"वहिनी, इतक्या वर्षांत भाड्यासाठी तुम्हाला कधी आठवण करावी लागली नाही. गॅलरीतली झाडं तर आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त जपलीत. मुलांना नवं घर लवकर आवडो.

डिपॉझिटचा हिशेब सोबत जोडला आहे. परवा पाहिलेल्या कपाटाच्या दाराचा तिसरा हिस्सा तेवढा वजा केला आहे, रंगाचं काही नाही. चाव्या द्याल त्याच दिवशी रक्कम खात्यावर जमा करतो. विजेच्या शेवटच्या बिलापुरती थोडी रक्कम ठेवली आहे. बिल येताच उरलेली पाठवीन."

विजेसाठी ठेवायची रक्कम गेल्या काही बिलांच्या सरासरीइतकीच असू द्या, आणि चाव्या घेताना मीटरचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये राहू द्या. पैसे मिळाल्याची आणि हिशेब मान्य असल्याची सही मात्र घ्याच, संबंध कितीही घरचे असले तरी.

दाराचे पैसे सोडून द्यावेसे वाटले तर जरूर सोडा. फक्त हिशेबात ती रक्कम दाखवून पुढे "माफ" असं लिहा. तोंडी सोडलेली रक्कम पुढे बिलाच्या वेळी वादात परत येते.