‘स्क्वेअर’ म्हणजे पाते

घाटंजी, जि. यवतमाळ

प्रिय मुली,

अनुवादाची कामं मिळावीत म्हणून तू केलेलं प्रोफाइल दोनदा वाचलं. चार भाषाजोड्या, अकरा विषय, सहा प्रमाणपत्रं, आणि अनुवादाचा नमुना एकही नाही. असं पान पाहून एजन्सीवाल्याला कळतच नाही की तुला नेमकं कोणतं काम द्यावं.

भाषाजोडीत आधी दिशा लिही. ‘इंग्रजीतून मराठीत’ आणि ‘हिंदीतून मराठीत’, एवढ्या दोनच ठेव. बहुतेक एजन्स्या अनुवादकाला त्याच्या मातृभाषेत लिहायचं काम देतात, त्यामुळे उलट दिशा आज तुझ्या कामाची नाही. गोंडी काढून टाक. बाजारात बोलता येणं वेगळं आणि दवाखान्यात डॉक्टर-रुग्णामध्ये दुभाषी म्हणून उभं राहणं वेगळं. वऱ्हाडी मात्र ठेव, पण जोडी म्हणून नको. ‘वऱ्हाडीतल्या मुलाखती ऐकून लिहून काढते’ असं लिही. गावोगाव पाहणी करणाऱ्या संस्थांना असं माणूस हवं असतं.

विषयांत शेती सगळ्यात वर घे. कायदा, वैद्यक, बँक ही नावं प्रत्येकाच्याच पानावर असतात, पण कापसाचं शेत तुझ्या घरी आहे. याचा फायदा कुठे होतो ते सांगतो. एकदा माझ्याकडे फवारणीचं एक पत्रक तपासायला आलं. इंग्रजीत कपाशीचे ‘स्क्वेअर’ गळतात असं होतं आणि अनुवादकाने ‘चौरस गळतात’ लिहिलं होतं. आपल्याकडे कपाशीच्या त्या कळीला पाते म्हणतात, आणि ते गळण्याला पातेगळ. पुढे ‘वेटिंग पीरियड’साठी ‘प्रतीक्षा कालावधी’ होतं. शब्द चुकीचा नाही, पण किती दिवस कशासाठी थांबायचं हे शेतकऱ्याला त्यातून कळत नाही. ‘शेवटची फवारणी आणि वेचणी यांत ठेवायचं अंतर’ असं लिहिलं की कळतं. आणि कपाशीला वेचणीच म्हणायचं, काढणी नाही. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, हे तू विसरली नसशील. त्यामुळे या कागदावरच्या शब्दांबद्दल मी हट्टी आहे.

तुझा पहिला नमुना असाच कर. अडीचशे-तीनशे शब्दांचा मजकूर घे, डावीकडे मूळ आणि उजवीकडे अनुवाद ठेव, खाली तीन-चार ओळींत निर्णय सांग: पाते का, वेचणी का. मात्रेच्या तक्त्यात क्रियाशील घटकाचा रकाना आणि प्रत्यक्ष औषधाचा रकाना वेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर शेतकरी भलतंच प्रमाण मोजेल. मात्रा हेक्टरी दिलेली असते आणि आपला माणूस एकरात मोजतो. तरी आकडे स्वतःहून बदलायचे नाहीत. लेबलवरचा मजकूर मंजूर झालेला असतो, म्हणून ग्राहकाला विचारायचं, आणि विचारलं हे टिपेत लिहायचं. तपासणारा माणूस ही टीप आधी वाचतो.

मजकूर मात्र ग्राहकाचा नको. सुरुवातीला मी एका कंपनीचं न छापलेलं पत्रक नमुना म्हणून दुसरीकडे पाठवलं. गोपनीयतेच्या करारावर माझी सही होती. ते काम तर गेलंच, पण दोन वर्षं त्या लोकांनी माझा फोन घेतला नाही, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून मूळ मजकूर स्वतः लिही.

प्रमाणपत्रांत संस्थेचं नाव, वर्ष आणि भाषा स्पष्ट लिही. पदवी आहे म्हणून ‘प्रमाणित अनुवादक’ लिहू नकोस. आयएसओ १७१०० हे अनुवादसेवेचं मानक पाळणारी एजन्सी तीनांपैकी एक गोष्ट पाहते: अनुवादातली पदवी, दुसऱ्या विषयातली पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. तुझी पदवी आहे, अनुभव आठ महिन्यांचा. तेवढाच लिही. पुढे शिकायचं असेल तर वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात अनुवादाचं शिक्षण मिळतं, घरापासून फार लांब नाही.

एजन्सीच्या पानावर रोजची क्षमता लिही. दोन हजार शब्द म्हण, पाच हजार म्हणू नकोस. कोणतं अनुवाद सॉफ्टवेअर वापरतेस आणि युनिकोडमध्ये देतेस हेही हवं, कारण जुन्या फॉन्टमधली फाइल त्यांच्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. थेट ग्राहकाला यातलं काही नको. बियाणं विकणाऱ्याला किंवा संस्थेला आधी नमुना दाखव, मग फोन नंबर.

नमुना झाला की तुझ्या घरच्या शेतकरी काकांना वाचायला दे. ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलने खूण कर, आणि त्या खुणांसकट पोळ्याच्या आत मला पाठव.

तुझा,
काका