इंडक्शनवर तापतं ते भांडंच

प्रश्न : इंडक्शनच्या शेगडीत ना ज्योत, ना लाल होणारी तार. मग नक्की तापतं काय? आणि भांडं उचलल्यावर काच चटका देते ती कशी? (बोरिवली)

तापतो तो भांड्याचा तळ. काचेखाली तांब्याच्या तारेची चकतीसारखी गुंडाळी असते. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते. शेगडीतलं सर्किट तेच हेलकावे 20 हजारांच्या वर नेतं आणि तो प्रवाह गुंडाळीत सोडतं. त्यामुळे काचेच्या वर तितक्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. लोखंडी तळ त्या क्षेत्रात आला की तळाच्या धातूतच विजेचे भोवरे फिरू लागतात, आणि धातूच्या रोधामुळे त्यांची उष्णता होते. लोखंडाचं चुंबकत्व सतत उलटवावं लागतं, त्यातूनही थोडी भर पडते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. रुंद पातेल्यात बोटभर पाणी घ्या आणि शेगडी सुरू करा. पहिले बुडबुडे मधोमध न येता बांगडीसारख्या गोलात येतात, कारण गुंडाळीच्या मध्यावर तारा नसतात. ती बांगडी म्हणजे खालच्या गुंडाळीचा ठसा.

काच स्वतः तापत नाही, तिला तापवतं ते भांडं. उकळत्या पाण्याच्या पातेल्याखालची काच साधारण तेवढीच गरम होते. तळणाच्या कढईखालची मात्र बरीच जास्त, म्हणून पुऱ्या तळून झाल्यावर लगेच तिच्यावर ओलं फडकं टाकू नका.

प्रश्न : माझ्याकडे स्टीलची दोन पातेली आहेत. फ्रिजवरचं लोहचुंबक दोन्हींना चिकटतं, तरी शेगडी एकालाच घेते. दुसरं ठेवलं की नुसती वाजत राहते. असं का? (मुलुंड)

चुंबक कुठे लावून पाहिलंत, यावर सगळं आहे. पातेलं उपडं करा आणि तळाच्या मधल्या भागावर लावा. न चालणाऱ्या पातेल्याला ते बहुधा तिथे चिकटणार नाही, फक्त कडेला, तळ वळून बाजू सुरू होते त्या बाकावर अलगद धरेल.

कारण असं. चांगल्या, न गंजणाऱ्या भांड्यांचं स्टील बहुतेकदा 304 जातीचं असतं. त्यात क्रोमियमबरोबर 8 टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि स्टीलचं चुंबकत्व जातं. पण पत्रा साच्यात दाबून पातेलं घडवताना बाकावर तो सर्वांत जास्त ताणला जातो, आणि तेवढ्या जागी थोडं चुंबकत्व परत येतं. तुम्हाला फसवलं ते त्या बाकाने. तुमचं जे पातेलं चालतं, ते 430 जातीचं असेल. त्यात निकेल जवळजवळ नसतं. किंवा त्याच्या तळाला तसल्या स्टीलची चकती जोडलेली असेल.

तेव्हा तांबाकाट्यावर किंवा कुठेही भांडं घेताना चुंबक खिशात असू द्या. ते तळाच्या मध्यावर टक्कन बसलं पाहिजे आणि काढताना जोर लागला पाहिजे. नुसतं रेंगाळलं तर भांडं घेऊ नका. काही भांड्यांच्या तळाला भोकं पाडलेला पातळ लोखंडी पत्रा अॅल्युमिनियममध्ये दाबून बसवलेला असतो. अशी भांडी चालतात, पण बऱ्याचदा शेगडी त्यांना पूर्ण ताकद देऊ शकत नाही.

प्रश्न : सासूबाईंचं अॅल्युमिनियमचं मोदकपात्र आहे. गणपतीत ते इंडक्शनवर चालवण्यासाठी मधे ठेवायची लोखंडी चकती मिळते म्हणतात. घेऊ का? (गिरगाव)

घेऊ नका. अॅल्युमिनियम विजेला इतकी मोकळी वाट देतं की त्यात भोवरे फिरले तरी उष्णता फारशी होत नाही. लोखंडात हाच प्रवाह तळाच्या अगदी पातळ थरात कोंडला जातो. दादरच्या पुलावर जिना अरुंद झाला की जशी रेटारेटी होते तसं होतं आणि धातू तापतो. अॅल्युमिनियममध्ये तो थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि वाटही सोपी असते. शेगडीला आपल्यावर ओझंच आलेलं जाणवत नाही, म्हणून ती बंद होते. तांब्या-पितळेचंही तेच.

मधे चकती ठेवली की ती लालबुंद व्हायच्या बेताने तापते आणि तिच्यावरचं पात्र सावकाश गरम होतं. चकती आणि पात्र कुठेही सपाट टेकत नाहीत, मधे हवा राहते. काचेखालचा तापमान मोजणारा सेन्सर घाबरून शेगडी बंद करतो, आणि तसं झालं नाही तर काचेलाच धोका. शिवाय इंडक्शनचा फायदाच हा की उष्णता भांड्यातच तयार होते. चकतीने तोच जातो.

मोदकांसाठी चुंबक धरणारं रुंद पातेलं घ्या, त्यात दोन बोटं पाणी, आत स्टँड, वर चाळण आणि हळदीची पानं. झाकण घट्ट बसणारं हवं. उकड तितकीच छान होते. सासूबाईंचं पात्र गॅसवरच राहू द्या.

प्रश्न : खरंच ऊर्जा वाचते का? की गॅसचा खर्च विजेच्या बिलात जातो? (डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला येणारी वाचक)

एक लिटर पाण्यावर हिशोब करू. आपल्याकडे नळाचं पाणी 27 अंशांच्या आसपास धरा. ते 100 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 305 किलोज्यूल, म्हणजे 0.085 युनिट उष्णता लागते. शेगडी 1200 वॅटवर असेल तर पाण्याला साधारण पाच मिनिटं लागतात, म्हणजे 0.1 युनिट वीज. दिलेल्यातलं 85 टक्के पाण्यात गेलं. बाकीचं सर्किट, पंखा आणि भांड्याच्या बाजूंतून गेलं.

गॅसवर घरगुती वापरात पातेल्यात पोचतं ते 60 टक्क्यांच्या आसपास. ज्योत कडेने वर चाटत असेल तर त्याहून कमी. त्या हिशोबाने त्याच पाण्याला 11 ग्रॅम गॅस लागतो, आणि त्यातल्या चार-साडेचार ग्रॅमची उष्णता स्वयंपाकघराला मिळते. मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाही.

आता 14.2 किलोच्या सिलिंडरला 11 ग्रॅमने भागा. साधारण 1290 लिटर पाणी उकळेल. इंडक्शनवर तेवढ्यालाच 129 युनिटं लागतील. म्हणजे सिलिंडरच्या किमतीला 129 ने भागून जो आकडा येतो, त्याहून तुमचं युनिट स्वस्त असेल तर इंडक्शन स्वस्त. सिलिंडर 900 रुपयांना पडत असेल तर ती रेघ सात रुपयांवर येते. युनिटचा दर पाहताना इंधन अधिभार आणि वहन आकार धरूनच पाहा. शिवाय इंडक्शनमुळे वापर वाढून वरच्या टप्प्यात गेलात तर तिथला चढा दर लागतो.

ऊर्जा ओट्यावर वाचते हे नक्की. पण कोळशाच्या केंद्रात जळणाऱ्या उष्णतेतली जेमतेम एक तृतीयांश विजेत येते, हेही मला लपवायचं नाही. तिथवर मागे गेलं तर गॅस मागे पडत नाही. वीज सूर्याची किंवा पाण्याची असेल तिथे चित्र पालटतं.

प्रश्न : दूध मंद आचेवर ठेवलं तरी तळाला लागतं. फोडणीचं छोटं कढलं तर शेगडी ओळखतच नाही. (लालबाग)

कढल्याचा तळ गुंडाळीच्या मानाने फार लहान पडतो. साधारण 12 सेंटीमीटरहून कमी तळ बऱ्याच शेगड्या घेत नाहीत. फोडणी मोठ्या तळाच्या, बसक्या भांड्यात करा.

दुधाचं कारण वेगळं. स्वस्त शेगड्यांत मंद आच नसतेच. 300 वॅट लावलं तरी ती काही सेकंद पूर्ण जोराने चालते, मग थांबते, मग पुन्हा. कान दिलात तर गुणगुण येते-जाते ते ऐकू येईल. पातळ तळाच्या पातेल्यात त्या जोराच्या सेकंदांत बांगडीएवढा भाग एकदम तापतो आणि दूध तिथेच धरतं. जाड, तीन थरांच्या तळाचं भांडं घ्या. मधला अॅल्युमिनियमचा थर उष्णता बाजूला पसरवतो. ते नसेल तर आधी भांड्यात पळीभर पाणी घालून मग दूध ओता, आणि पहिली वाफ दिसल्यावर ढवळत राहा.