मर्यादा नोटमध्ये, मोकळीक मेलमध्ये

प्रश्न: मी शाखा व्यवस्थापक आहे. पंधरा दिवस रजेवर जाताना सहायकाकडे चार्ज दिला. ऑफिसच्या नोटमध्ये ‘दोन लाखांपर्यंतची खरेदी’ असं लिहिलं होतं. बाहेरच्यांना ऑटो-रिप्लाय जात होता: ‘मी रजेवर आहे. या काळात सर्व निर्णय माझे सहायक घेतील.’ त्यांनी साडेपाच लाखांच्या रॅक्सची ऑर्डर दिली. माल आला आहे, थोडा उघडलाही आहे. मला परतून नऊ दिवस झाले. नोट दाखवून ऑर्डर नाकारता येईल का?

उत्तर: बहुधा नाही. या धर्तीचे प्रश्न वरचेवर येतात, आणि जो तो नोटची प्रत जोडतो. समोरच्याला काय कळवलं होतं, ते कोणी सांगत नाही. तुम्ही निदान तो मजकूर दिलात. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यातल्या ‘सर्व निर्णय’ या दोन शब्दांवर ठरणार आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम २३७ वाचा. प्रतिनिधीने अधिकाराबाहेर जाऊन व्यवहार केला, पण तो अधिकारातलाच आहे असा समज मालकाच्या शब्दांमुळे किंवा वागण्यामुळे समोरच्याचा झाला असेल, तर मालक बांधला जातो. कलमाखाली उदाहरणही आहे: मालकाने अमुक किमतीखाली माल विकू नको असं बजावलं, प्रतिनिधीने त्याखाली विकला, घेणाऱ्याला त्या सूचनेचा पत्ता नव्हता, सौदा मालकावर बंधनकारक. तुमची नोट म्हणजे अशीच सूचना. ती फाइलमध्ये राहिली आणि पुरवठादाराकडे मोकळीक देणारा मेल पोचला.

यातून सुटण्याची एकच वाट मला दिसते. पुरवठादाराला मर्यादा ठाऊक होती, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. जुन्या पर्चेस ऑर्डरी काढा. दोन लाखांवरच्या प्रत्येक ऑर्डरवर मुख्य कार्यालयाची दुसरी सही असायची आणि या वेळी एकट्या सहायकांची सही चालवून घेतली, असं दिसलं तर तुमच्या बाजूने बोलण्यासारखं काही आहे. छापील अटींमध्ये सहीच्या अधिकाराबद्दल ओळ असेल तर उत्तमच. त्यापलीकडे कागद पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

आता ते नऊ दिवस. इतके दिवस गप्प का बसलात, हे मला कळलेलं नाही. कलम १९७ नुसार मान्यता वागण्यातूनही दिली जाते. रॅक्स जोडून त्यावर सामान ठेवलंत, तर ‘आम्ही ऑर्डर मान्य केली नव्हती’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? महत्त्वाच्या गोष्टी माहीत नसताना दिलेली मान्यता कलम १९८ प्रमाणे टिकत नाही, पण परतल्यावर तुम्हाला सगळं कळलं होतं. म्हणून आजच, मुख्य कार्यालयाशी बोलून, पुरवठादाराला लेखी कळवा: ऑर्डर अधिकाराबाहेरची आहे, कंपनीने ती मान्य केलेली नाही, माल वापरलेला नाही, परत न्यावा. उघडलेल्या खोक्यांचे फोटो काढा आणि ती पुन्हा बंद करून बाजूला ठेवा. पत्रात सहायकांची निंदा नको. पुरवठादार थोडं नुकसान घेऊन माल परत न्यायला तयार झाला, तर घासाघीस करून तिथेच मिटवा. कोर्टात गेलात तर निकालापर्यंत रॅक्स गंजतील.

सहायकांकडून वसुली होईल का? कलम २११ म्हणतं की सूचनेबाहेर वागून झालेलं नुकसान प्रतिनिधीने भरून द्यावं. पण पगारातून परस्पर कापू नका. नेमणूकपत्र आणि सेवाशर्ती आधी पाहाव्या लागतील. शिवाय ‘दोन लाखांपर्यंतची खरेदी’ म्हणजे एका ऑर्डरला की पंधरा दिवसांत मिळून? कर धरून की सोडून? एक ऑर्डर साडेपाच लाखांची असल्यामुळे इथे तुम्ही वाचलात. त्यांनी तीन तुकडे केले असते, तर नोट त्यांच्याच बाजूने वाचता आली असती. सध्या लेखी खुलासा मागवा, एवढंच.

आणखी एक गोष्ट तपासा: आपला खरेदीचा अधिकार दुसऱ्याला देण्याची मुभा मुळात तुम्हाला होती का? नसेल तर कलम १९३ खाली त्यांच्या कृत्याची जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडू शकते. म्हणून पुढच्या वेळी नोटवर वरिष्ठांची सही घ्या.

नोट अशी असावी: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, श्री. अमुक प्रभारी राहतील. खरेदी: प्रत्येक ऑर्डर करासह दोन लाखांपर्यंत आणि या काळात एकूण चार लाखांपर्यंत, एक खरेदी तुकड्यांत करू नये. त्यावरील खरेदी, नेमणूक, बडतर्फी, तडजोड आणि दाव्यावरील उत्तर यांसाठी मुख्य कार्यालयाची लेखी संमती हवी. हा अधिकार पुढे कोणाला देता येणार नाही.’ पुरवठादारांना यातली रकमेची मर्यादा आणि शेवटची तारीख, दोन्ही कळवा. कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचं त्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरता तो संपत नाही. तुम्ही खुर्चीत येऊन बसलात, हे त्यांना दिसत नसतं.