न फोडलेली नूडल्स आणि रेडीमिक्सची पाकिटं सापडली, तारीख उलटून वर्ष झालंय. एका पाकिटात किडेही दिसतात. वापरू की फेकू?

रेडीमिक्स फेका. किडे दिसत असोत वा नसोत. नूडल्सचं शेवटी सांगते.

"भाजलं की सगळं मरतं" हे माझ्या थोरल्या भावाचं वाक्य. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा सकाळी त्याने पॅनकेकच्या मिश्रणाचा खोका काढला. तारीख उलटून चौदा महिने झाले होते. मी म्हटलं, "दादा, नको." तर म्हणे, "फोडलेला नाहीये, वास घेऊन बघ." वास खरंच ठीक होता. जाळी नाही, किडा नाही. मी दोन खाल्ले. वीस मिनिटांत ओठ जड झाले, मानेवर गांधी उठल्या, मग श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. दादाने चार खाल्ले होते, त्याला काहीही झालं नाही.

फरक एवढाच की मला लहानपणापासून धुळीची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी तो खोका मागवून घेतला आणि चिमूटभर पीठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्यात माइट्स, म्हणजे अगदी सूक्ष्म किडे, वळवळत होते. धुळीतल्या माइट्सचेच हे भाऊबंद. आकाराने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, शिवाय पिठाच्याच रंगाचे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. उबदार, दमट कपाटात ते झपाट्याने वाढतात. खोक्याच्या आतली पिशवी नुसती दुमडलेली असेल किंवा तिची शिवण सुटली असेल, तर "न फोडलेलं" या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तव्यावर माइट मरतो, हे दादाचं म्हणणं खरं. पण शरीर बिथरतं ते त्याच्यातल्या प्रथिनांमुळे, आणि त्यातली काही भाजूनही टिकतात.

आता नूडल्स. बहुतेक नूडल्स तळून वाळवलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात आधी बिघडतं ते तेल. पाकीट फोडल्याबरोबर खवट, ऑइलपेंटच्या जुन्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या. मसाल्याने तो झाकू नका. वास स्वच्छ, नूडल्स कोरड्या आणि कुरकुरीत असतील तर वर्ष उलटूनही सहसा अपाय होत नाही, चव मात्र उतरते. पाकिटाला टाचणीएवढं भोक किंवा आत रेशमासारखी जाळी असेल तर अळी प्लास्टिक कुरतडून आत गेली आहे. ते पाकीट पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका, शेजारची पाकिटं उजेडात धरून तपासा आणि कपाटाच्या फटी व्हॅक्यूमने साफ करा.

हेही सांगायला हवं की अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाला चुकून एखादा किडा पोटात गेल्याने बहुधा काही होत नाही. खाऊन झालं असेल तर घाबरू नका, फक्त ओठ सुजले किंवा धाप लागली तर ताबडतोब दवाखाना गाठा. नवीन रेडीमिक्स हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.

दादा अजूनही म्हणतो, "मला कुठे काय झालं?" पण त्या दिवशी त्याच्या ताटाशेजारी माझंही ताट होतं.